पावणेदोनशेनं की चोवीसशेवर

रेषालेखाचं वर्णन इंग्रजीत लिहिताना बदलाच्या क्रियापदापुढे दोन वेगळ्या जातींचे आकडे येतात. एक आकडा उभ्या अक्षावर सरळ वाचता येतो. रेषा जिथे येऊन थांबली, त्या बिंदूची ती उंची असते. दुसरा आकडा आलेखावर कुठेच छापलेला नसतो, दोन उंचींची वजाबाकी करून तो काढावा लागतो. उंचीच्या आकड्याआधी इंग्रजी 'टू' लावते आणि वजाबाकीच्या आकड्याआधी 'बाय'. क्रियापद मात्र दोन्ही ठिकाणी तेच राहतं, 'रोझ'. म्हणजे कोणता आकडा सांगितला जातोय हे कळण्याचा सगळा भार दोन अक्षरांच्या त्या प्रिपोझिशनवर पडतो.

कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या परिसरात खरिपात मका मोठ्या प्रमाणात असतो, म्हणून उदाहरण मक्याच्या हमीभावाचंच घेऊ. केंद्र सरकारने जाहीर केलेला हा भाव २०२०-२१ मध्ये क्विंटलला १८५० रुपये होता. पुढच्या वर्षांत तो १८७०, १९६२, २०९० आणि २२२५ असा चढत २०२५-२६ मध्ये २४०० झाला. (मोंढ्यात तो मिळतोच असं नाही, पण तो वेगळा आलेख.) शेवटच्या टप्प्याचं वर्णन दोन प्रकारे करता येतं. 'रोझ बाय १७५' म्हणजे भाव पावणेदोनशे रुपयांनी वाढला. 'रोझ टू २४००' म्हणजे तो चोवीसशेवर गेला. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही एकाच घटनेबद्दल आहेत.

आता प्रिपोझिशनची अदलाबदल करून पाहू. 'रोझ टू १७५' लिहिलं तर २२२५ वरचा भाव 'चढून' १७५ वर आला, असा अर्थ होतो. हा घोटाळा वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. 'रोझ बाय २४००' लिहिलं तर भाव ४६२५ झाला असा अर्थ होतो. आलेख समोर नसेल तर ही चूक सहज खपून जाते. टक्क्यांमध्ये तर दोन्ही चुका अदृश्य होतात. पैठणच्या नाथसागराच्या जिवंत साठ्याची क्षमता २१७१ दशलक्ष घनमीटर आहे. धरण काठोकाठ भरलेलं असताना 'फेल बाय २० पर्सेंट' म्हटलं, तर सुमारे १७३७ दशलक्ष घनमीटर पाणी उरतं. 'फेल टू २० पर्सेंट' म्हटलं, तर उरतं अवघं ४३४. दोन्ही वाक्यं व्याकरणात निर्दोष आहेत आणि वाचायलाही शहाणी वाटतात.

हा फरक मराठी मुलांना शिकवायचा कसा, याबद्दल दोन मतं आहेत. इथे ती पिशोरसारख्या गावातल्या दोन शिक्षकांच्या तोंडी घातली आहेत. एक आहेत गणित शिकवून निवृत्त झालेले सर. दुसऱ्या आहेत इंग्रजीच्या मॅडम, ज्यांच्याकडे दहावीच्या 'इन्फर्मेशन ट्रान्स्फर'च्या प्रश्नासाठीही मुलं येतात आणि आयईएलटीएसच्या पहिल्या लेखनकार्यासाठीही. त्या दुसऱ्या परीक्षेत आलेखाचं वर्णन किमान १५० शब्दांत आणि साधारण वीस मिनिटांत लिहायचं असतं. तिथे विचार करत बसायला सवड नसते.

सर: मॅडम, यात शिकवायचं काय आहे एवढं? पोराला मराठीत विचारा. 'भाव पावणेदोनशे रुपयांनी वाढला' म्हणतंय ना ते? 'चोवीसशेवर गेला' म्हणतंय ना? मग 'नी' म्हणजे बाय अन् 'वर' म्हणजे टू. झालं की.

मॅडम: सर, तुम्ही सांगता ती मराठी पुस्तकातली. मोंढ्यावरून घरी आलेला माणूस काय म्हणतो? 'मका पावणेदोनशे वाढली, चोवीसशे झाली.' यात तुमचा 'नी' कुठंय, अन् 'वर' तरी कुठंय?

मॅडमचा मुद्दा वरवर बोलीपुरता वाटतो, पण या विषयाची गाठ तिथेच आहे. बोलीतल्या मराठीत हा फरक प्रत्ययापेक्षा क्रियापद जास्त सांभाळतं. 'वाढणे' म्हटलं की पुढचा आकडा फरकाचा असतो, 'होणे' किंवा 'जाणे' म्हटलं की तो मुक्कामाचा असतो. 'पावणेदोनशे वाढली' आणि 'चोवीसशे झाली' यांत कुणाचा गोंधळ होत नाही, कारण क्रियापदानेच निवाडा केलेला असतो. इंग्रजीत क्रियापद निवाडा करत नाही. दोन्ही आकड्यांना 'रोझ'च लागतो. जे काम मुलाच्या तोंडात आयुष्यभर क्रियापदाने केलं, ते अचानक एका बारीकशा शब्दाकडे जातं आणि तो शब्द मुलाला महत्त्वाचा वाटत नाही. म्हणून समज पक्की असलेलं मूलही 'रोझ २४००' लिहून मोकळं होतं.

सर: मग 'रोझ १७५' लिहिलं तर? तेही चूकच की.

मॅडम: नाही सर, ते चालतं. 'रोझ १७५ रुपीज', 'फेल फाइव्ह पर्सेंट' असं इंग्रजी वर्तमानपत्रं रोज लिहितात. बाय गाळता येतो, टू गाळता येत नाही.

सर: म्हणजे आपल्यासारखंच झालं. 'पावणेदोनशे वाढली.'

मॅडम: तेवढ्यापुरतं आपल्यासारखं. उघडा आकडा दिसला की इंग्रजी वाचणारा तो फरकच समजतो. म्हणून 'रोझ २४००' वाचून त्याला वाटतं, चोवीसशेची वाढ झाली.

यातून एक उपयोगाची गोष्ट हाती लागते. चुकीचा धोका दोन्ही आकड्यांना सारखा नाही. फरकाच्या आकड्याआधी काही सुटलं तरी वाक्य तरतं, कारण वाढीच्या क्रियापदापुढचा एकटा आकडा दोन्ही भाषांत फरकाचाच मानला जातो. मुक्कामाच्या आकड्याआधी मात्र 'टू' हवाच. वही तपासताना म्हणूनच आधी अक्षावर छापलेले आकडे शोधावेत आणि त्यांच्यामागे काय आहे ते पाहावं.

मुक्कामाच्या आकड्याजवळ मराठी आणखी दोन खड्डे खणून ठेवते. 'चोवीसशेवर' मधला 'वर' घेऊन कुणी 'रोझ ऑन २४००' लिहितं. 'चोवीसशेपर्यंत' मधला 'पर्यंत' घेऊन 'रोझ टिल २४००' लिहितं. 'टिल' हा वेळेचा शब्द आहे, तो उंचीला लागत नाही. 'रोझ अप टू' लिहिणारेही पुष्कळ असतात. ते वाक्य मोडत नाही, पण 'अप टू'मध्ये 'जास्तीत जास्त इतका' अशी छटा आहे. हमीभाव जास्तीत जास्त चोवीसशे नव्हता, नेमका चोवीसशे होता. आणि 'पर्यंत पोहोचला' या सवयीतून येणारा 'रीच्ड टू' तर आपल्याकडे वहीवहीत सापडतो. 'रीच' हे सकर्मक क्रियापद आहे, त्याला मुक्कामाचा आकडा कर्म म्हणून थेट मिळतो, 'रीच्ड २४००'. मध्ये काहीच नको.

सर: बरं, 'वर' आणि 'पर्यंत' सोडा. 'ने-नी' तर पक्का आहे ना? तृतीयेचा प्रत्यय दिसला की बाय. हा नियम कुठंच मोडत नाही.

मॅडम: 'लोकसंख्या दुपटीने वाढली' याचं काय करता?

सर: ... 'रोझ बाय टू टाइम्स'.

मॅडम: मोजा बरं.

जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ मध्ये सुमारे ३.९६ कोटी होती आणि १९९१ मध्ये ७.८९ कोटी. मराठीत याला कुणीही 'तीस वर्षांत जवळपास दुपटीने वाढली' म्हणेल आणि ऐकणाऱ्यालाही बरोबर कळेल. पण इथला 'ने' फरक दाखवत नाही, तो शेवटची अवस्था दाखवतो. मूळ लोकसंख्येच्या दुप्पट इतकी भर पडली असती, तर आकडा बारा कोटींच्या जवळ गेला असता. 'बाय टू टाइम्स' लिहिणारा विद्यार्थी नकळत तेच लिहून बसतो. निदान वाचणाऱ्याला संशयात तरी पाडतो. इंग्रजीत इथे प्रिपोझिशनच नको, 'ऑलमोस्ट डबल्ड' एवढं पुरे. टक्क्यांत सांगायचं असेल तर 'रोझ बाय ऑलमोस्ट १०० पर्सेंट'. म्हणजे 'ने'ला 'बाय' हा नियम रुपये, टन, टक्के अशा मोजमापांपुरता खरा आहे. पट आली की तो सोडून द्यावा.

सरांनी इथे माघार घेतली ती अर्धीच. मराठी दगा देत असेल तर भाषांतर नको, पण मग व्याकरणही नको, थेट आलेखच दाखवा, असं त्यांचं म्हणणं.

सर: फळ्यावर दोन बिंदू काढा. दुसऱ्या बिंदूपासून डावीकडे अक्षापर्यंत आडवी तुटक रेघ ओढा. ती जिथं अक्षाला लागली, तिथला आकडा टूचा. आता पहिल्या बिंदूच्या पातळीपासून दुसऱ्याच्या पातळीपर्यंत उभा बाण काढा. त्या बाणाची लांबी बायची. पोरानं प्रत्येक आकड्याला स्वतःला एकच विचारायचं, मी अक्ष वाचला की बाण मोजला?

मॅडम: हे मात्र मी उद्यापासून वापरणार. पण सर, 'पीक्ड' आलं की तुमची आडवी रेघ फसवते. अक्ष वाचला म्हणून मूल 'पीक्ड टू' लिहितं.

ही हरकत समजायला चढउतार असलेली रेषा हवी. हमीभावाची रेषा नुसती चढत जाते, त्यामुळे ती इथे निरुपयोगी आहे. महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा दशवार्षिक वाढीचा दर मात्र सोयीचा आहे. १९६१ ते १९७१ या दशकात तो २७.४५ टक्के होता. पुढच्या दशकात २४.५४ वर उतरला, मग २५.७३ असा थोडा सावरला, त्यानंतर २२.७३ आणि शेवटी २००१ ते २०११ या दशकात १५.९९ टक्के झाला. १९५१ पासून पाहिलं तर २७.४५ हे या रेषेचं शिखर आहे. त्याचं वर्णन 'पीक्ड ॲट २७.४५ पर्सेंट' असं होतं.

'टू' आणि 'ॲट' दोन्ही अक्षावरचाच आकडा घेतात, मग फरक कशात? 'टू'मध्ये प्रवास आहे. रेषा कुठून तरी निघून तिथे आली, असं सांगायचं असेल तर 'फेल टू', 'रोझ टू', 'रिकव्हर्ड टू'. 'ॲट'मध्ये प्रवास नाही, ती जागा आहे. रेषा त्या उंचीवर होती, टेकली, स्थिरावली, असं सांगायचं असेल तर 'स्टुड ॲट', 'पीक्ड ॲट', 'रिमेन्ड ॲट', 'लेव्हल्ड ऑफ ॲट'. शिखर गाठणं हा प्रवास वाटतो खरा, पण 'पीक' हे क्रियापद चढण सांगत नाही. ते वळणाची जागा सांगते. मराठीतही 'दर २७.४५ वर पोहोचला' आणि 'दर २७.४५ वर होता' अशा दोन्ही वाक्यांना एकच 'वर' पुरतो. म्हणून 'वर' पाहून इंग्रजी शब्द निवडता येत नाही. क्रियापद चालतंय की उभं आहे, ते पाहावं लागतं.

नामं आली की मात्र चित्र उलटं होतं आणि इथे सरांची मराठी वाट मॅडमनाही मान्य करावी लागते.

मॅडम: मुलं 'देअर वॉज अ राइज बाय १७५' लिहितात. क्रियापदाचं प्रिपोझिशन तसंच नामाला चिकटवतात.

सर: मराठीत सांगा की. 'भावात पावणेदोनशे रुपयांची वाढ झाली.' इथं 'नी' येतोय का?

मॅडम: नाही. 'रुपयांची'... ऑफ. आणि 'भावात'... इन.

सर: मग? षष्ठीला ऑफ, सप्तमीला इन. आता कुठं फसलं?

खरोखरच कुठे फसत नाही. 'अ राइज ऑफ १७५ रुपीज इन द प्राइस' हे 'भावात १७५ रुपयांची वाढ' या रचनेचं जवळपास शब्दशः रूप आहे, फक्त क्रम उलटा. क्रियापद असताना 'रुपयांनी वाढला' आणि नाम असताना 'रुपयांची वाढ' हा बदल मराठी मूल न शिकवता करतं. इंग्रजीतही तोच बदल आहे, 'रोझ बाय' पण 'अ राइज ऑफ'. 'फॉल', 'इन्क्रीज', 'ड्रॉप' यांनाही तेच लागू. गोंधळ होतो तो 'इन्क्रीज', 'फॉल', 'ड्रॉप' या शब्दांमुळे, कारण ते नामही आहेत आणि क्रियापदही. एकाच परिच्छेदात 'इन्क्रीज्ड बाय' आणि 'ॲन इन्क्रीज ऑफ' शेजारी आले की हात अडखळतो. आधी 'अ' किंवा 'ॲन' आला असेल तर शब्द नाम आहे आणि पुढे 'ऑफ' हवा, ही खूण पुरेशी आहे.

नाम आणि क्रियापद यांच्या जोडीला आणखी एक जोडी आहे, तिच्यावर फार वेळ घालवायला नको. 'वाढणे' आणि 'वाढवणे' हा भेद मराठीत घट्ट आहे. इंग्रजीत त्याच जागी 'राइज' आणि 'रेझ' आहेत. भाव आपोआप वाढला तर 'रोझ', कुणी वाढवला तर 'वॉज रेझ्ड'. हमीभाव सरकार ठरवतं, म्हणून तिथे 'वॉज रेझ्ड बाय १७५ टू २४००' जास्त नेमकं. 'वॉज रिझन' हे रूप कर्मणीत होतच नाही. 'भाव वाढला गेला' मराठीत जितकं विचित्र, तितकंच तेही.

आता 'बाय'चा आणखी एक अवतार. वेळेच्या अक्षावरही हाच शब्द येतो आणि तिथे त्याचा अर्थ असतो 'अमुक वर्षापर्यंत'. 'बाय २०२४ द प्राइस हॅड रिझन' म्हणजे २०२४ येईपर्यंत भाव चढलेला होता. हमीभावाचे आकडे आणि वर्षांचे आकडे नेमके एकाच घरातले असल्याने इथे गंमत होते. कुणी 'रोझ बाय २०२४' लिहिलं, तर तो २०२४ सालापर्यंत वाढला की २०२४ रुपयांनी, हे वाक्यावरून ठरत नाही.

सर: असं वाक्य लिहूच नये. वर्ष आधी टाकावं, वाक्याच्या तोंडाशी.

मॅडम: तेच सांगते मी. वर्ष वाक्याच्या सुरुवातीला अन् रुपये क्रियापदानंतर. अन् रुपयांना 'रुपीज' म्हणायचा आळस करायचा नाही.

हेच 'फ्रॉम... टू'लाही लागू आहे, कारण ही जोडी उंचीलाही चालते आणि काळालाही. 'रोझ फ्रॉम १८५० टू २४०० फ्रॉम २०२०-२१ टू २०२५-२६' हे वाक्य चूक नाही, पण वाचणारा दमतो. काळासाठी 'बिटवीन... अँड' वापरला की उंचीची 'फ्रॉम... टू' जोडी मोकळी राहते. फक्त 'बिटवीन'बरोबर 'टू' घालू नये. मराठीत 'या दोन वर्षांच्या दरम्यान' म्हणताना मध्ये 'आणि'च येतो, तेवढं आठवलं तरी बास.

सगळ्यात खोल वाद मात्र टक्क्यांचा. आलेखाचा उभा अक्षच टक्क्यांचा असेल, तर 'बाय'पुढचा आकडा दोन वेगवेगळ्या अर्थांचा होऊ शकतो आणि इथे कोणतंही प्रिपोझिशन मदतीला येत नाही. महाराष्ट्राची साक्षरता १९९१ च्या जनगणनेत ६४.८७ टक्के होती, २००१ मध्ये ती ७६.८८ टक्के झाली. 'रोझ टू ७६.८८ पर्सेंट' यात वाद नाही. पण 'रोझ बाय' पुढे काय?

सर: बाण मोजा. शहात्तर पूर्णांक अठ्ठ्याऐंशी वजा चौसष्ट पूर्णांक सत्त्याऐंशी. बारा पूर्णांक शून्य एक. 'रोझ बाय १२.०१ पर्सेंट'.

मॅडम: वजाबाकी बरोबर, एकक चूक. ६४.८७ चे बारा टक्के वाढवले तर येतात ७२.६५ च्या आसपास. रेषा तर ७६.८८ वर आहे.

सर: पेपरात तर असंच छापून येतं.

मॅडम: येतं. म्हणून ते बरोबर होत नाही. 'रोझ बाय १२.०१ पर्सेंटेज पॉइंट्स' म्हणायचं.

अक्ष टक्क्यांचा असेल तर बाणाची लांबी टक्केबिंदूंत मोजली जाते. टक्क्यांत वाढ सांगायची असेल तर बाणाच्या लांबीला सुरुवातीच्या उंचीने भागावं लागतं. १२.०१ ला ६४.८७ ने भागलं की साधारण साडेअठरा टक्के येतात. म्हणजे साक्षरतेचं प्रमाण १२.०१ टक्केबिंदूंनी वाढलं आणि सुमारे १८.५ टक्क्यांनीही वाढलं. दोन्ही खरं आहे, पण 'बारा टक्क्यांनी' खरं नाही. मराठीत 'टक्केबिंदू' हा शब्द अजून कानाला नवा आहे, त्यामुळे मूल तो आपणहून आणणार नाही. गणित येणारं मूल इथे जास्त चुकतं, कारण त्याला वजाबाकीवर भरवसा असतो. परीक्षेत धोका टाळायचा असेल तर टक्क्यांच्या आलेखात 'फ्रॉम ६४.८७ पर्सेंट टू ७६.८८ पर्सेंट' एवढंच लिहून पुढे जावं. वाचणारा वजाबाकी स्वतः करतो.

टक्क्यांच्या अक्षाचा दुसरा सापळा दशवार्षिक दराच्या आलेखातच दडलेला आहे. ती रेषा शेवटच्या टप्प्यात २२.७३ वरून १५.९९ वर येते, म्हणजे ६.७४ टक्केबिंदूंनी उतरते. घाईत वाचणारं मूल लिहितं, 'द पॉप्युलेशन फेल'. लोकसंख्या घटलेली नाही. त्या दहा वर्षांत ती ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली. घटला तो वाढीचा दर. क्रियापद, प्रिपोझिशन, आकडा सगळं बिनचूक लिहूनही कर्ता चुकला की वाक्य उलटं होतं. उभ्या अक्षाचं नाव जे असेल तेच वाक्याचा कर्ता करावं, दुसरं काही करू नये.

क्रियापदांचा जोर निवडताना मॅडम मुलांना मोंढ्याची भाषा आठवायला सांगतात. तिथे भाव 'वधारला' वेगळं, 'भडकला' वेगळं. 'उतरला' वेगळं आणि 'गडगडला' वेगळं. इंग्रजीतही 'क्लाइम्ड', 'सोअर्ड', 'डिप्ड', 'प्लन्ज्ड' यांची अशीच प्रतवारी आहे. सरांची हरकत अशी की जोर ठरवायचा तो रेषेच्या चढावरून नव्हे. अक्ष शून्याऐवजी १८०० पासून सुरू केला, तर १८५० ते १८७० ही वीस रुपयांची वाढसुद्धा डोळ्यांना चढण दिसते, प्रत्यक्षात ती एक टक्क्याहून जेमतेम जास्त आहे. उलट २०१७-१८ मध्ये १४२५ असलेला भाव २०१८-१९ मध्ये १७०० झाला. ती एकोणीस टक्क्यांहून मोठी उडी होती. तिला 'जम्प्ड' शोभतं, वीस रुपयांना 'एज्ड अप' पुरे. या मुद्द्यावर दोघांत मतभेद उरत नाही.

उरतो तो क्रमाचा. सरांच्या मते मुलाने आधी मनात पूर्ण मराठी वाक्य करावं, मग इंग्रजी. मॅडमच्या मते वीस मिनिटांत दोन भाषांत लिहायला वेळ नसतो. इंग्रजी जोड्या पाठ असाव्यात आणि मराठी फक्त तपासायला वापरावी. अनुभव मॅडमच्या बाजूने जास्त झुकतो. 'दुपटीने' आणि 'वर' यांनी दाखवल्याप्रमाणे मराठीतून निघालेली वाट मध्येच फुटते. पण लिहून झालेलं वाक्य मराठीत उलटं वाचलं तर चूक ताबडतोब खटकते. 'रोझ बाय २४००' कागदावर निमूट बसून राहतं. तेच 'भाव चोवीसशे रुपयांनी वाढला' असं मोठ्याने म्हटलं की पिशोरच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला हसू येईल.

हमीभावाच्या २०१७-१८ ते २०२५-२६ या काळातल्या रेषेचं दोघांनी मिळून लिहिलेलं वर्णन असं:

'इन २०१७-१८ द सपोर्ट प्राइस ऑफ मेझ स्टुड ॲट १४२५ रुपीज अ क्विंटल. इन द फॉलोइंग इयर इट वॉज रेझ्ड बाय २७५ रुपीज टू १७००. बाय २०२१-२२ द प्राइस हॅड रीच्ड १८७० रुपीज, विथ अ राइज ऑफ ओन्ली २० रुपीज इन द फायनल इयर ऑफ दॅट पिरियड. आफ्टर दॅट द ॲन्युअल इन्क्रीज ग्रू लार्जर इच इयर, अँड इन २०२५-२६ द प्राइस रोझ बाय १७५ रुपीज टू २४००.'

पहिल्या वाक्यात रेषा उभी आहे, म्हणून 'ॲट'. दुसऱ्यात बाण आधी आणि मुक्काम नंतर. उलट क्रमही चालतो, पण हा कानाला सरळ पडतो. तिसऱ्यात 'बाय' काळाचा आहे आणि वाक्याच्या तोंडाशी आहे. त्याच वाक्यात 'रीच्ड'नंतर काही नाही आणि नामानंतर 'ऑफ' आहे. चौथ्यात वाढणारी गोष्ट आधी वार्षिक वाढ आहे आणि मग भाव. ९२, १२८, १३५, १७५ हे आकडे पाहिले म्हणजे 'ग्रू लार्जर'चा कर्ता 'इन्क्रीज' का, ते कळतं.

सरांना यात आणखी एक वाक्य हवं होतं. २०१८-१९ मधली उडी का आली, तर त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात हमीभाव उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याची घोषणा झाली होती म्हणून. माहिती खरी आहे. मॅडमनी ते वाक्य खोडलं, कारण ते रेषेवर कुठे दिसत नाही.